बॅग, बेग, बिग, बॉग, बग : तीन अक्षरी इंग्रजी शब्दांच्या याद्यांविषयी

बारामती-इंदापूर रस्त्यावर लासुर्णे आहे आणि त्याच्या जवळच जंक्शन. दोन्ही गावांची नावं रोमन लिपीत लिहिली की दोन्हींत यू हे अक्षर येतं. लासुर्ण्याच्या नावात ते 'सु'मधल्या उकारासाठी आहे. जंक्शनच्या नावात त्याच अक्षराचा उच्चार साधा 'अ' होतो. पहिलीतलं मूल एसटीच्या खिडकीतून ही नावं वाचू लागलं, तर काही मिनिटांत त्याच्यासमोर एकाच अक्षराचे दोन आवाज येतात, आणि ते दोन्ही बरोबर असतात. एक आवाज मराठीला रोमन लिपीत बसवताना आलेला आहे, तर दुसरा थेट इंग्रजीतून आलेला आहे. पुढच्या याद्या अशा इंग्रजीतून आलेल्या आवाजांसाठी आहेत.

व्यंजन, स्वर, व्यंजन अशा तीन अक्षरांचे शब्द स्वराच्या आवाजाप्रमाणे वेगळे करून लिहायचे, ही मांडणी नवी नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी 1930च्या दशकात स्वतःच्या मुलाला वाचायला शिकवण्यासाठी अशा याद्या तयार केल्या. पुढे क्लॅरेन्स बार्नहार्ट यांच्या सहकार्याने बनलेलं त्यांचं 'लेट्स रीड' हे पुस्तक 1961 मध्ये आलं. त्याच्या पहिल्या धड्यात कॅन, फॅन, मॅन, पॅन, रॅन असे एकाच आवाजाचे शब्द होते, आणि चित्रं मुद्दाम टाळली होती. हेच ब्लूमफील्ड पाणिनीच्या व्याकरणाचे मोठे चाहते होते, ही गोष्ट मराठी वाचकाला आवडण्यासारखी आहे. मात्र त्यांची यादी ज्या मुलासाठी होती, ते इंग्रजी बोलतच मोठं होत होतं. 'कॅट' हा शब्द त्याच्या कानात आधीपासून होता, फक्त कागदावर ओळखायचा राहिला होता. लासुर्ण्यातल्या मुलाच्या कानात मराठी असते. त्यामुळे तीच यादी जशीच्या तशी त्याच्या हाती दिली तर ती भलत्याच जागी अडते. कुठे अडते ते पाहूनच या याद्यांचा क्रम ठरवलेला आहे.

महाराष्ट्रात 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, सर्व शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी शाळेतलं मूल पाचवीत एबीसीडी गिरवायचं. तोपर्यंत त्याची चार वर्षं मराठी वाचण्यात गेलेली असायची आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार त्याच्या हाताखाली असायचे. आता सहा वर्षांचं मूल दोन्ही लिप्या एकाच वर्षी शिकतं. शिकवण्याची रीत मात्र अनेक घरांत पाचवीचीच राहिली आहे : 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर'. आधी स्पेलिंग, मग उच्चार, मग अर्थ, अशी तीन गोष्टींची घोकंपट्टी. यात मुलाला अक्षरांची नावं येतात, पण अक्षरांचे आवाज येत नाहीत. 'सी', 'ए' आणि 'टी' कितीही भरभर म्हटलं तरी त्यातून 'कॅट' बाहेर पडत नाही. म्हणून ते मूल शब्द वाचत नाही, आठवतं. यादीतला नववा शब्द विचारला तर पहिल्यापासून म्हणत नवव्यापर्यंत येतं.

आवाजांवरून शिकवायचं ठरवलं की दुसरी अडचण समोर येते. शिक्षक 'क', 'ॲ', 'ट' असे सुटे आवाज म्हणतात आणि मुलाला ते जोडायला सांगतात. पण मराठी तोंडातला 'क' कधी एकटा नसतो, त्याच्या पोटात 'अ' असतोच. मूल इमानदारीने जोडतं आणि 'कअॅटअ' असं काहीतरी तयार होतं. अशा वेळी मुलाला दोष देण्याऐवजी त्याला आधीपासून येणारी एक गोष्ट वापरावी. मराठी मूल व्यंजन आणि स्वर एका घासात म्हणतं : का, कि, कु, के. बाराखडी म्हणजे तेच. त्याला 'क' अधिक 'ॲट' जोडण्यापेक्षा 'कॅ' अधिक 'ट' जोडणं सोपं जातं. शेवटच्या 'ट'मधला 'अ' तर ते आपोआप गिळतं, कारण 'घर', 'नळ', 'वड' वाचताना ते शेवटचा 'अ' म्हणतच नाही. घर हा शब्द लिहिला दोन अक्षरांत जातो, पण आवाज त्यात तीनच आहेत : घ्, अ, र्. व्यंजन, स्वर, व्यंजन. इंग्रजीतल्या ज्या रचनेला एवढं महत्त्व दिलं जातं, ती मराठी मुलाच्या बिनकान्यामात्र्याच्या पहिल्याच धड्यात आहे.

म्हणून या याद्यांत प्रत्येक स्वराचं पान दोन वेळा येतं. इंग्रजी पुस्तकांत शेवट सारखा असलेले शब्द एकत्र ठेवतात : कॅट, बॅट, हॅट, मॅट. इथे पहिल्या पानावर सुरुवात सारखी असलेले शब्द आहेत : मॅट, मॅप, मॅन, मॅड, मग कॅट, कॅप, कॅन, कॅब. 'मॅ' एकदा जमला की मूल फक्त शेवटचं अक्षर बदलत जातं. दुसऱ्या पानावर यमकाची इंग्रजी मांडणी येते, आणि आता तेच शब्द ते पहिल्या अक्षराकडे नीट पाहून वाचतं. यमकाच्या यादीवर एकटं सोडलं की मुलं हमखास एक पळवाट काढतात : पहिल्या अक्षराचा आवाज म्हणायचा आणि पुढे 'ॲट' जोडून मोकळं व्हायचं. स्वराकडे आणि शेवटाकडे नजर जातच नाही. दोन्ही पानं वाचून झाली की ही पळवाट बंद होते.

आता क्रम. ए, ई, आय, ओ, यू हा वर्णमालेचा क्रम याद्यांसाठी सोयीचा वाटतो, पण मराठी कानासाठी तो वाईट आहे. त्यात पहिल्या दोन याद्या 'ॲ' आणि 'ए'च्या येतात, आणि नेमके हेच दोन आवाज आपल्याकडे एकमेकांत मिसळतात. म्हणून इथे क्रम ॲ, इ, ऑ, अ आणि सगळ्यात शेवटी ए असा आहे. 'ॲ' पक्का बसून पुष्कळ दिवस झाले की मग त्याचा जवळचा शेजारी आणायचा.

'ॲ' हा आवाज मराठीत उसना आला. महाराष्ट्र शासनाने 2009 साली वर्णमालेबाबत काढलेल्या निर्णयात 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्वरांमध्ये जागा दिली. घरात मात्र तो कधीच रुळला होता : गॅस, बॅग, बॅट, फॅन, मॅट, जॅम. हे सगळे शब्द इंग्रजीतही तीन अक्षरीच आहेत, त्यामुळे यादीची सुरुवात ओळखीच्या शब्दांनी होते. अडचण एवढीच की आपल्या भागात आजी-आजोबांच्या बोलण्यात 'ब्याट', 'ग्यास', 'ब्याग' ऐकू येतं, आणि जुन्या छापील मराठीतही 'ब्यांक' सापडते. त्या उच्चारात स्वराआधी 'य' घुसतो. तो घुसला आहे की नाही हे ओळखायला सोपं आहे : स्वर लांबवायला सांगावं. 'मॅॅॅन' म्हणताना आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा राहिला तर ठीक. जीभ आधी 'य'वर टेकून मग खाली घसरली तर 'म्यान' झालं. हा पडताळा म, न, फ, स, र यांनी सुरू होणाऱ्या शब्दांवर चांगला होतो, कारण हे आवाज ताणता येतात. म्हणून मॅन, फॅन, रॅन, मॅट, सॅट यांसारखे शब्द आधी आहेत. 'कॅट' आणि 'बॅट' नंतर येतात.

'इ'ची यादी सगळ्यांना सोपी वाटते, आणि म्हणूनच ती फसवते. मराठी बोलण्यात ह्रस्व-दीर्घाने अर्थ सहसा बदलत नाही. शिवाय मराठीत अकारान्तापूर्वीचा इकार किंवा उकार दीर्घ होतो : तीन, मीठ, पीठ, दूध, फूल. शुद्धलेखनाच्या नियमांतही तेच आहे, आणि तोंडही तसंच वळतं. मग मूल पी-आय-एन हे 'तीन'च्या चालीवर 'पीन' म्हणतं, आणि एस-आय-टी 'सीट' होतं. इंग्रजीत 'बसणे' आणि 'बसायची जागा' हे वेगळे शब्द आहेत, त्यामुळे इथे फरक पडतो. 'आखूड म्हण' असं सांगून मुलाला काही कळत नाही. पण ते स्वतः आखूड 'इ' दिवसभर म्हणत असतं. 'पीठ' म्हणणारं मूल 'पिठात' म्हणताना वेलांटी आपोआप आखडती घेतं. मुलाला 'पिठात' म्हणायला लावायचं, मग 'पिठ' इथेच थांबवायचं. हाती येतो तो जवळपास इंग्रजी पी-आय-टीचाच स्वर. 'मीठ' आणि 'मिठात', 'तीळ' आणि 'तिळाचा', अशा जोड्या यादीच्या माथ्यावर मोठ्यांसाठी दिल्या आहेत.

याच पानावर एक गोष्ट चौकस मुलाच्या लक्षात येईल. 'ॲ'च्या यादीत 'क'साठी सी होतं, इथे एकदम के आलं : किट, किड. 'ए'च्या यादीतही 'क'साठी सी कुठेच नाही. कारण ई आणि आय यांच्या आधी आलेल्या सीचा उच्चार 'स' होतो, म्हणून तिथे 'क'चं काम के करतं. हा नियम पाठ करून घ्यायची गरज नाही. दोन पानं शेजारी उघडून 'सी कुठे गेलं?' असं विचारलं तरी पुरे.

'ऑ'च्या यादीचा पडताळा डोळ्यांनी होतो. डॉक्टर 'डाक्टर' आणि ऑफिस 'हाफिस' होणाऱ्या बोलीत पी-ओ-टी सहज 'पाट' होतो, आणि पाट तर या भागातल्या मुलाला चांगलाच माहीत असतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरच इथला ऊस उभा आहे. 'आ' म्हणताना ओठ सैल राहतात. 'ऑ' म्हणताना ते थोडे गोल होतात, पण 'ओ'इतके मिटत नाहीत. मुलाच्या ओठांकडे पाहिलं की कळतं. मोबाइलवरच्या अमेरिकी व्हिडिओंत 'हॉट'चा उच्चार 'हाट'च्या जवळ जातो. मुलाने तो ऐकून तसा म्हटला तर त्याला चूक म्हणू नये. मात्र वर्गात एकच उच्चार धरावा, नाहीतर पुढच्या यादीत घोटाळा होतो.

ती पुढची यादी यू अक्षराची, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. कप, कट, बस, बन, मग, टब, जग, नट, रन, सन, हट, बग. कानाला या यादीत काहीच नवं नाही. हे सगळे शब्द 'घर' आणि 'नळ' यांच्याच चालीचे आहेत, आणि निम्मे तर घरात रोज वापरात आहेत. वाचायलाही बहुतेक मुलं पटकन शिकतात. खरी अडचण लिहिताना दिसते. शिक्षकाने 'कप' म्हटलं की पाटीवर दोन वेगळी उत्तरं येतात, तिसरी अडचण वाचताना दिसते, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

एक मूल फक्त सी आणि पी लिहितं, 'बस'साठी बी आणि एस. ते काहीच चुकलेलं नाही, ते देवनागरीच्या नियमाने लिहितंय. आपल्याकडे 'क' लिहिला की 'अ' आलाच, त्याला वेगळं चिन्ह लागत नाही. या मुलाला एवढंच दाखवायचं की इंग्रजी अक्षराच्या पोटात स्वर नसतो, तो बाहेर काढून लिहावा लागतो. त्यासाठी पाटीवर तीन चौकोन आखायचे आणि 'कप' म्हणताना प्रत्येक आवाजाला एक चौकोन द्यायचा. मधला रिकामा राहिला की मूल स्वतःच थांबतं.

दुसरं मूल के-ए-पी लिहितं, 'बस'साठी बी-ए-एस. हे आपलं नाव रोमनमध्ये लिहायला शिकलेलं असतं. सागर, कमल, अमर या नावांत 'अ'साठी ए लिहितात, म्हणून त्याने तोच नियम पुढे चालवला. चौकोनांचा इथे उपयोग नाही, कारण त्याने तिन्ही भरलेत. त्याला 'कॅप' आणि 'कप', 'बॅट' आणि 'बट', 'हॅट' आणि 'हट' अशा जोड्या शेजारी मांडून द्याव्या लागतात. 'ए लिहिलंस तर ही टोपी झाली, चहाचा कप नाही झाला' हे त्याला चटकन पटतं. नावात ए चालतो, कारण ते मराठी नाव आहे, हेही त्याला सांगून टाकावं. मुलांना हा भेद समजतो.

तिसरं मूल बरोबर लिहितं, पण वाचताना सी-यू-पी 'कुप' आणि बी-यू-एस 'बुस' म्हणतं. लासुर्ण्याच्या नावातला यू त्याच्याबरोबर आलेला असतो. त्याला शब्दाचा अर्थ विचारावा. 'बुस म्हणजे काय?' यावर ते अडखळतं, पुन्हा पाहतं आणि 'बस' म्हणतं. या यादीत ओळखीचे शब्द जास्त आहेत ते यासाठीच. अनोळखी शब्द असते तर चूक त्याच्या लक्षातच आली नसती.

'ए'च्या यादीवर फार लिहिण्यासारखं नाही. पेन, नेट, टेन, रेड, लेग, वेट. मराठी 'ए' इंग्रजीपेक्षा थोडा लांब असतो, तेवढं चालतं. एक काळजी घ्यावी. व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींचा उच्चार आपल्याकडे 'व' असतो, त्यामुळे जनावरांचा डॉक्टर 'वेट' आणि ओला 'वेट' हे कानाने वेगळे होणार नाहीत. दोन्ही शब्द एका ओळीत ठेवलेले नाहीत.

पाचही याद्या झाल्या की एक छोटं पान येतं, आणि मुलाला वाचता येतं की नाही ते इथे कळतं. बी आणि जी ही दोन अक्षरं पक्की धरायची आणि मधला स्वर बदलत जायचा : बॅग, बेग, बिग, बॉग, बग. पाचही खरे शब्द आहेत : पिशवी, विनवणी करणे, मोठा, दलदल, किडा. इंग्रजीत असे पाचही घरं भरणारे संच फार नाहीत. मूल हे पाच शब्द उलटसुलट क्रमाने वाचू शकलं, तर स्वर त्याच्या हाती आले. एका जागी अडलं तर कोणत्या यादीकडे परत जायचं ते तिथेच कळतं. 'बेग' आणि 'बॅग' गडबडले तर पहिली आणि शेवटची यादी काढायची. 'बॉग'चं 'बाग' झालं तर ओठ पाहायचे.

त्याखाली काही बनावट शब्द आहेत : मॅब, टिग, नॉप, डेप. यांना अर्थ नाही. इंग्लंडमध्ये 2012पासून शाळेतल्या लहान मुलांची जी वाचनचाचणी होते, तिच्यातल्या 40 शब्दांपैकी निम्मे असेच बनावट असतात. पाठ केलेला शब्द आठवणारं मूल इथे थांबतं, आवाज जोडणारं मूल पुढे जातं. हे शब्द शिकवायचे नाहीत आणि घरी अभ्यासाला तर अजिबात द्यायचे नाहीत. ते फक्त तपासण्यासाठी आहेत.

मुलांच्या पानांवर इंग्रजी शब्दाखाली देवनागरी उच्चार मुद्दाम दिलेला नाही. पालकांना तो पेन्सिलने लिहून द्यावासा वाटतो, आणि हेतू चांगलाच असतो. पण देवनागरी समोर असली की मूल तीच वाचतं आणि वरच्या इंग्रजी अक्षरांवरून त्याची नजर घसरत जाते. देवनागरी झाकली की शब्दही गेला. उच्चार हवे असतील तर ते मोठ्यांच्या पानावर वेगळे दिले आहेत. चित्रंही याच कारणाने नाहीत. शब्द वाचून झाल्यावर त्याचं चित्र दाखवता येतं, आधी नव्हे.

काही ओळखीचे शब्द या याद्यांत का नाहीत, असा प्रश्न पडेल. ऊसबिलातलं बिल, विहिरीवरचा पंप आणि शेतातलं ड्रिप हे शब्द इथल्या घरांत रोजचे आहेत. पण 'बिल'मध्ये शेवटी दोन एल आहेत, 'पंप'मध्ये शेवटी आणि 'ड्रिप'मध्ये सुरुवातीला दोन व्यंजनं एकत्र येतात. ते पुढच्या टप्प्याचे शब्द आहेत. 'कार' आणि 'काऊ' इंग्रजीत तीन अक्षरीच आहेत, पण त्यांतले आर आणि डब्ल्यू आधीच्या स्वराचा आवाज बदलून टाकतात, म्हणून तेही गाळले. 'बॉक्स' आणि 'सिक्स' लिहायला तीन अक्षरी असले तरी एक्स दोन आवाज काढतं, म्हणून ते वेगळ्या कोपऱ्यात आहेत.

आणि शेवटच्या पानावर चार शब्द आहेत, जे आवाजावरून वाचायचे नाहीत, नजरेने ओळखायचे आहेत. पी-यू-टी 'पुट', ज्यात यू अचानक उकार होतो. मुलगा या अर्थाचा एस-ओ-एन, आणि जिंकला या अर्थाचा डब्ल्यू-ओ-एन, ज्यांत ओ चक्क 'अ' म्हणतो. चौथा टी-ओ-एन, टन. उसाच्या पट्ट्यातलं मूल हा शब्द गळिताच्या हंगामात सारखा ऐकतं आणि 'ऑ'च्या यादीनंतर तो 'टॉन' असा वाचतं. त्याने वाचलं ते यादीप्रमाणे बरोबरच आहे, आणि आधी त्याला तेच सांगायचं. मग हे पान उघडायचं. मुलगा आणि जिंकला या शब्दांत ओ कसा आला, याविषयी इंग्रजीचे अभ्यासक सांगतात की जुन्या हस्तलिखितांत यू, एन, एम यांच्या उभ्या रेघा सारख्याच दिसत आणि ओळीत कोणतं अक्षर कुठे संपतं ते कळत नसे, म्हणून लेखनिकांनी अशा ठिकाणी यूऐवजी ओ लिहायला सुरुवात केली. मोठ्या मुलाला हे सांगता येईल. एखाद्या आखीव वहीत यू आणि एन शेजारी शेजारी घाईने लिहून दाखवले की त्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.